पेटीच्या (आणि कीबोर्डच्या) मळक्या पिवळ्या पट्ट्या पुसायच्या कशा, आत पाणी जाऊ न देता

दरवर्षी गणपतीच्या दोन-चार दिवस आधी आमच्या इंदूरच्या मराठी घरांमधून आणि मंडळांमधून पेट्या बाहेर निघतात, वर्षभराची धूळ दिसते, मग कोणीतरी ओलं फडकं घेऊन किंवा काच पुसायचा स्प्रे मारून पट्ट्या चकाचक करतं आणि आरतीच्या दिवशी एखादी पट्टी खालीच बसून राहते. भाता दिला की तो सूर वाजतच राहतो. भादव्यातल्या ओल्या हवेत आत गेलेलं पाणी वाळत नाही, लाकूड फुगतं, आणि त्या वेळी दुरुस्तीवाल्यांकडे आधीच रांग असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. मुख्य भर पेटीवर आहे कारण तिथे नुकसान जास्त होतं, कीबोर्डचं वेगळं काय ते शेवटाकडे सांगितलंय.

## आधी हे समजून घ्या: पाणी कुठून जातं आणि कुठे बसतं

आपल्या पेटीची पट्टी म्हणजे एक लाकडी दांडी असते. पुढचं टोक आपण दाबतो, तेव्हा मागचं टोक वर उचललं जातं. त्या मागच्या टोकाखाली चामड्याची गादी असते आणि त्या गादीखाली भोक, त्याच्या खाली पितळी सूर. पट्टी वर असते तेव्हा भोक बंद, दाबली की उघडं. म्हणजे तुम्ही पुसता पुसता पट्टी जोरात दाबलीत तर त्या क्षणी आतलं दार तुम्हीच उघडलेलं असतं, आणि कचरा सरळ सुरावर पडू शकतो.

पाणी बहुतेक वेळा पुढच्या बाजूने जातं. दोन पट्ट्यांमधल्या फटीतून खाली ओघळतं, तिथे पट्टी इकडेतिकडे हलू नये म्हणून खिळा असतो, तो गंजतो आणि त्याच्या भोवतालचं लाकूड फुगतं. पट्टी अडकते ती इथे. दुसरी जागा म्हणजे पट्टीवर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा. जुन्या पेट्यांमध्ये तो बरेचदा सरसाने चिकटवलेला असतो आणि सरस पाण्यात विरघळतो. कडेने ओल गेली की पत्र्याचं टोक उचलतं, मग बोटाला टोचायला लागतं, मग एक दिवस निघून हातात येतं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतील: मधला सपाट भाग सुरक्षित, कडा आणि फटी धोक्याच्या.

## १. मळ आहे की पिवळेपणा, हे आधी ठरवा

लोक इथेच चुकतात. पिवळं दिसलं की घासत सुटतात, आणि जे घासून जाणारच नाही त्याच्यासाठी पत्र्याची चकाकी घालवून बसतात.

सगळ्यात डावीकडची, कमी वाजणारी पांढरी पट्टी घ्या. पुढे सांगितलंय तसं जेमतेम दमट पांढरं फडकं घेऊन तिच्या मधल्या भागावरून चार-पाच वेळा हलकेच फिरवा आणि फडकं बघा. फडकं तपकिरी किंवा काळपट झालं आणि पट्टी उजळली, तर तो मळ आहे: हाताचं तेल, उदबत्तीचा धूर, धूळ. आमच्याकडे त्यात शेवेचं तेलही असतं, पोहे खाता खाता पेटी ओढून बसणारे कमी नाहीत. हा सगळा निघतो. फडकं स्वच्छच राहिलं आणि पट्टी तशीच पिवळी, तर तो रंग त्या प्लॅस्टिकच्या अंगातलाच झालेला आहे, तो फडक्याने जात नाही. बहुतेक पेट्यांवर दोन्ही असतं, म्हणजे मळ काढल्यावर खाली एकसारखा फिकट पिवळा रंग राहतो. तिथे थांबायचं असतं.

आता पत्रा कशाचा आहे ते बघा. जुन्या पेट्यांवर सेल्युलॉइड असू शकतं. कोपरा अंगठ्याने जोरात चोळून गरम करा आणि लगेच वास घ्या, कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, कारण ते बनवताना कापूरच घालतात. नव्या पेट्यांवर अॅक्रिलिक किंवा दुसरं प्लॅस्टिक असतं.

सावधान: सेल्युलॉइड लगेच पेट घेतं. गरम सुई लावून बघायचा जो उपाय काही लोक सांगतात तो अजिबात करू नका, आणि पेटीजवळ निरांजन ठेवून काम करू नका.

स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यातलं काहीही पेटीवर नको. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बहुधा अॅसिटोन असतं, ते सेल्युलॉइड सरळ विरघळवतं. स्पिरिटने सेल्युलॉइड मऊ पडून चिकट होऊ शकतं, अॅक्रिलिकवर बारीक केसासारख्या भेगा पडतात, आणि काळ्या पट्ट्यांचं आणि पेटीच्या खोक्याचं जे चपड्याचं पॉलिश असतं ते तर स्पिरिटमध्येच बनवतात, त्यामुळे फडक्यावर सगळा रंग उतरून येतो.

## २. दिवस आणि सामान

दिवस कोरडा निवडा. माळव्यात दिवाळीनंतर ते पाऊस पडेपर्यंत कधीही करा, मे महिन्यात सगळ्यात उत्तम, फक्त लू चालू असताना खिडकी बंद ठेवा नाहीतर पुसलेल्यावर लगेच धूळ बसते. गणपतीसाठी करायचं असेल तर जूनच्या आधी करून पेटी झाकून ठेवा. पावसाळ्यात करायचीच वेळ आली तर फक्त कोरडी सफाई करा (तिसरी पायरी), तेवढ्याने निम्मं काम होतं.

सामान घरातलंच आहे. जुन्या सुती बनियनचे किंवा मलमलचे पांढरे तुकडे, हाताच्या तळव्याएवढे, आठ-दहा. पांढरेच घ्या, म्हणजे मळ आणि रंग दोन्ही दिसतात. टेरीकॉट नको, ते पाणी शोषत नाही, पुढे ढकलतं. रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश, कोरा. कान साफ करायच्या काड्या. एखादी जुनी लग्नपत्रिका, जाड कागदाची, तिच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून घ्या. आणि दोन वाट्या.

पहिल्या वाटीत २०० मिली कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. दोनच. जास्त साबण घातला तर तो पट्टीवर राहतो आणि आठवड्याभरात त्यावर पुन्हा धूळ चिकटते. दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी. आमच्याकडे बोरिंगचं पाणी खूप जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून फिल्टरचं पाणी घ्या.

वाट्या पेटीवर ठेवायच्या नाहीत, पेटीच्या शेजारी त्याच टेबलावरही नाही. वेगळ्या स्टुलावर ठेवा, आणि फडकं तिकडेच पिळून मग इकडे आणा. धक्का लागून वाटी सांडण्याइतकं मोठं नुकसान दुसरं कशाने होत नाही.

तपासा, फडकं किती ओलं: फडकं बुडवून घट्ट पिळा, मग कोरड्या फडक्यात गुंडाळून पुन्हा पिळा. आता ते घडी करून टिश्यू पेपरवर अंगठ्याने पाच सेकंद दाबून धरा आणि उचला. टिश्यूवर ओला डाग उमटला तर फडकं अजून ओलं आहे. डाग नाही, पण फडकं गालाला लावल्यावर थंड लागतंय, एवढंच दमट हवं. ही चाचणी प्रत्येक वेळी फडकं बुडवल्यावर करायची, फक्त पहिल्यांदा नाही. सुरुवातीला सगळे काळजी घेतात आणि अर्ध्या तासाने हात सैल पडतो, पाणी आत जातं ते तेव्हा.

## ३. कोरडी सफाई, भाता चालू ठेवून

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच आहे. सुकी धूळ आधी काढली नाही तर ओल्या फडक्याने तिचा चिखल होतो आणि तो चिखल फटीत जाऊन बसतो.

वरचं झाकण आणि जाळी उघडा, स्क्रू खोलू नका. कपलर असेल तर बंद करा, नाहीतर एका पट्टीबरोबर दुसरी दबते. बाजूच्या टिकणाऱ्या सुरांच्या खुंट्या बंद, मुख्य सुरांची एक खुंटी उघडी. आता कोणाला तरी हळूहळू भाता द्यायला बसवा.

यामागचं कारण असं की भाता देताना पेटीतली हवा आतून बाहेर येते. सफाई करताना चुकून पट्टी दबली तर हवेचा झोत कचऱ्याला बाहेर ढकलतो, आत पडू देत नाही. आणि दुसरं म्हणजे पट्टी दबली की सूर वाजतो, म्हणजे तुमचा हात जड पडतोय हे लगेच कानाला कळतं. सूर न वाजता सफाई झाली तर हात बरोबर आहे. पुढची ओली सफाईही अशीच करायची.

ब्रश मागून पुढे, म्हणजे स्वतःच्या दिशेने फिरवा. फटींमध्ये ब्रशचं टोक नुसतं फिरवायचं, आत खुपसायचं नाही. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक फवारा जातो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी दोन इंच लांब धरा आणि ब्रशने उडवलेली धूळ हवेतच ओढून घ्या, नळी पट्टीला टेकवू नका.

तपासा: पांढऱ्या फडक्याने एक पट्टी कोरडीच पुसून बघा. फडक्यावर सुटी राखाडी धूळ येत असेल तर अजून ब्रश मारा. नुसता चिकट काळपटपणा राहिला असेल तर पुढे जा.

## ४. पांढऱ्या पट्ट्या, एका वेळी चारच

डाव्या टोकापासून सुरू करा, मधल्या सप्तकापासून नाही. टोकाच्या पट्ट्या कमी मळलेल्या असतात, तिथे हात बसतो.

हाताशी तीन फडकी: साबणाचं दमट, साध्या पाण्याचं दमट, आणि कोरडं. साबणाचं फडकं तर्जनीवर ताणून घ्या. पट्टीच्या मागच्या बाजूपासून, काळ्या पट्ट्यांच्या मधून, स्वतःकडे एकच सरळ ओढ घ्या, पुढच्या कडेच्या अर्धा सेंटिमीटर आधी बोट उचला. पुन्हा मागे न्या, फडक्याची जागा बदला, पुन्हा ओढा. गोल गोल घासायचं नाही, मागेपुढेही नाही. मागे ढकललेला मळ काळ्या पट्टीच्या बुडाशी साचतो आणि तिथून काढणं फार कठीण जातं.

चार पट्ट्या झाल्या की लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने तशाच चार, आणि लगेच कोरड्याने. चार पट्ट्यांचा हा फेरा मिनिटभरात संपायला हवा. साडेतीन सप्तकाच्या पेटीला काळ्या-पांढऱ्या धरून साधारण ४२ पट्ट्या असतात, त्यामुळे घाई करायचं काही कारण नाही, सगळं काम दीड-दोन तासांचं आहे.

पुढची उभी कड राहिली. तिथे नखाचा मळ असतो आणि तिथेच थेंब लोंबतो. ती खालून वर पुसा, वरून खाली नाही, कारण खाली ओढलेली ओल सरळ समोरच्या फटीत जाते. या कडेला साबणाचं फडकं नको, साध्या पाण्याचं आणि तेही अर्धवट वाळत आलेलं घ्या.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची पेटी मागच्या उन्हाळ्यात अशी साफ केली. जुनी पेटी, पत्रा कापराच्या वासाचा. मंडळ काळी दोनमध्ये गातं, त्यामुळे मधल्या सप्तकात काळ्या दोनच्या आसपासच्या पट्ट्यांवर तेल आणि धुराचा इतका जाड थर होता की नख फिरवलं तर रेघ उमटायची, आणि दोन्ही टोकं जवळपास कोरी. काकू भाता द्यायला बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "अगं, एवढा थर आहे, थोडं पाणी शिंपडून ठेवूया का दहा मिनिटं?" असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याऐवजी चाचणी केलेलं दमट फडकं पट्टीच्या फक्त मधल्या भागावर, कडा सोडून, अर्धा मिनिट नुसतं ठेवलं. मग लाकडी आइस्क्रीमच्या चमच्याचं टोक त्याच फडक्यात गुंडाळून हलकेच पुढे ओढलं. थर पापुद्र्यासारखा गोळा होऊन फडक्यावर आला. एका पट्टीला तीन वेळा करावं लागलं, आणि दर वेळी मध्ये कोरडं करून. "काकू, भाता हळू द्या," एवढंच मध्येमध्ये सांगावं लागत होतं. त्यात दोन पट्ट्यांवर पत्र्याचे कोपरे आधीच उचललेले होते, त्या पट्ट्यांना ओलं फडकं लावलंच नाही, नुसत्या कोरड्या फडक्याने जेवढं निघालं तेवढं काढलं. शेवटी पट्ट्या पांढऱ्याशुभ्र झाल्या नाहीत, जुन्या कागदासारख्या फिकट पिवळ्या झाल्या, पण टोकापासून टोकापर्यंत एकसारख्या, आणि बोटाला चिकटत नव्हत्या. एवढंच साधायचं असतं.

सावधान: पत्र्याचा कोपरा नखाने हलका उचलून बघू नका. कोपऱ्याखाली काळी रेघ दिसत असेल तर तो सुटलेला आहे असं समजा आणि तिथे ओल नको.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लिंबू, व्हिनेगर, हे सगळे उपाय लोक करतात. टूथपेस्ट आणि सोड्यात बारीक कण असतात, ते पत्र्याची चकाकी घासून काढतात, आणि खरबरीत झालेल्या पट्टीवर मळ आधीपेक्षा लवकर बसतो. शिवाय उरलेली पेस्ट फटीत जाऊन वाळते आणि तिथे दगड होऊन बसते. लिंबू आणि व्हिनेगर खिळ्याला गंज आणतात. काच पुसायच्या स्प्रेचा त्रास वेगळा, तो फवारा कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं. कुठलीही गोष्ट पट्टीवर फवारायची नाही, साधं पाणीसुद्धा नाही.

## ५. कडा आणि फटी

पांढऱ्या पट्टीची बाजू, जिथे ती शेजारच्या पट्टीला जवळजवळ टेकते, तिथे काळी रेघ असते. ही रेघ पूर्ण घालवायचा हट्ट धरू नका.

लग्नपत्रिकेच्या कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर मलमलचा एक पदर कोरडाच गुंडाळा आणि फटीत नखाएवढा, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर उतरवून मागून पुढे ओढा. जितक्या वेळा मळ येतो तितक्या वेळा, दर वेळी कापडाची जागा बदलून. फटीत जात नसेल तर मलमल काढून नुसता कागद फिरवा. जबरदस्ती केली तर पट्टी बाजूला कलते आणि नंतर शेजारणीला घासते.

काळ्या पट्टीच्या बुडाशी जो कोपरा असतो तिथे कानाची काडी. ती साबणाच्या दमट फडक्यावर फिरवून ओलसर करायची, वाटीत बुडवायची नाही. बुडवलेल्या काडीच्या कापसात पुरेसं पाणी मावतं आणि दाबली की तेच थेंब होऊन गळतं.

शिकणाऱ्यांच्या पेटीवर सा रे ग म चे स्टिकर असतात आणि ते काढल्यावर डिंक राहतो. तो पाण्याने निघत नाही. खोबरेल तेल लावू नका, तेल लाकडात आणि गादीच्या चामड्यात मुरतं. सेलोटेपचा तुकडा उलटा बोटावर गुंडाळून डिंकावर थापटत राहा, डिंक टेपला चिकटून थोडा थोडा उचलला जातो. वेळ लागतो पण यात पाणी नाही आणि औषध नाही.

## ६. काळ्या पट्ट्या

आधी एका पट्टीच्या मागच्या भागावर दमट फडकं फिरवून बघा. फडक्यावर काळा किंवा तपकिरी-लाल रंग आला तर पॉलिश उतरतंय, बाकीच्या पट्ट्या फक्त कोरड्या मलमलने पुसा. रंग आला नाही तर पांढऱ्यांसारखंच करा, पण साबणाशिवाय. या पट्ट्यांच्या दोन्ही बाजू उभ्या असतात, त्यामुळे ओल लगेच खाली सरकते, म्हणून वरून दोन ओढी आणि लगेच कोरडं. चमक यावी म्हणून तेल, मेण, बुटाचं पॉलिश काहीही लावायचं नाही, आरतीला घामाचा हात लागला की ते सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर येतं.

## ७. वाळवणं आणि तपासणी

झाकण उघडं ठेवून पंख्याखाली चार-पाच तास, जमलं तर रात्रभर. उन्हात नाही, हेअर ड्रायरची गरम हवा नाही. उष्णतेने सरस सुटतो आणि पट्ट्या वाकतात.

मग क्रमाने बघा. पेटीसमोर बसून डोळे पट्ट्यांच्या पातळीवर आणा, सगळ्या पांढऱ्या एका रेषेत दिसायला हव्यात, एखादी खाली राहिली असेल तर लगेच कळतं. नंतर एकेक पट्टी सावकाश दाबून सावकाश सोडा, भाता न देता, आणि ती स्वतःहून पूर्ण वर येते का ते बघा. जोरात वाजवून बघितलं तर अर्धवट अडकणारी पट्टी सापडत नाही. मग सगळ्या मुख्य खुंट्या उघडून, एकही पट्टी न दाबता भाता द्या. कुठला सूर बारीक वाजत असेल तर त्या पट्टीची गादी नीट बसलेली नाही, बहुधा तिथे कण अडकलाय. ती पट्टी भाता देत देत दहा-बारा वेळा टकटक सोडा, बरेचदा हवेनेच तो कण उडून जातो.

पट्टी हळू वर येत असेल तर लाकूड फुगलंय. तिला हात लावू नका, झाकण उघडं ठेवून दोन दिवस पंख्याखाली राहू द्या, बहुतेक वेळा वाळली की सुटते. फटीत तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारणं ही यातली सगळ्यात महाग चूक आहे, तेल चामड्यात गेलं की गादी बदलण्यावाचून इलाज राहत नाही. दोन दिवसांनंतरही अडकत असेल तर कारागिराकडे न्या आणि पाणी गेलंय हे त्यांना स्पष्ट सांगा, लपवू नका, म्हणजे ते आधी खिळे बघतील.

## कीबोर्डसाठी काय बदलतं

पायऱ्या त्याच, फडक्याची चाचणी तीच, चार-चार पट्ट्यांचा फेराही तोच. बदल पुढचे.

अॅडॉप्टर भिंतीतून काढा आणि सेल असतील तर तेही काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. भाता इथे नाही, तेव्हा सुकी धूळ काढताना दोघांनी मिळून कीबोर्ड पालथा धरा, पट्ट्या खाली, आणि ब्रश मारा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. पुसताना मात्र सरळ ठेवून पुसा.

पट्ट्यांच्या खाली रबराची पट्टी असते आणि तिच्यात कार्बनचे काळे ठिपके, ते सर्किटला टेकले की आवाज येतो. दाबाप्रमाणे लहान-मोठा आवाज देणाऱ्या कीबोर्डात प्रत्येक पट्टीला असे दोन ठिपके असतात. ओल किंवा मळ तिथे गेला की ती एक पट्टी कधी वाजतच नाही, कधी हलकं दाबलं तरी एकदम जोरात वाजते. सफाईनंतर एकेक पट्टी हलकी आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवून बघायची ती यासाठी.

इथे पट्ट्या अख्ख्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यामुळे पत्रा सुटायची भीती नाही. मार्करच्या खुणा किंवा डिंक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीला जेमतेम लावून त्या खुणेपुरतंच वापरता येतं, आधी पट्टीच्या मागच्या कोपऱ्यावर बघून. बटणांवरची छापील अक्षरं त्याने पुसली जातात, तिकडे नको.

पिवळेपणाचं कीबोर्डवर लवकर ओळखता येतं. एक पट्टी दाबा आणि शेजारचीची बाजू बघा. बाजू पांढरी आणि वरचा भाग पिवळा असेल तर ते उन्हाने झालंय, खिडकीशी ठेवलेल्या कीबोर्डचं अर्धं अंग असंच पिवळं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळतं हे खरं आहे, पण त्यासाठी पट्ट्या सुट्या काढून त्यात बुडवून उजेडात ठेवाव्या लागतात. न काढता, जागेवर क्रीम फासून केलं तर ते फटीतून रबरावर जातं आणि रंगही चट्ट्याचट्ट्याने उतरतो. सुट्या पट्ट्यांवर नीट केलं तरी काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो. माझं मत विचाराल तर वाजवायच्या कीबोर्डसाठी हा खटाटोप करू नये, खिडकीपासून हलवून सुती कापडाने झाकून ठेवावा. पेटीच्या पत्र्यावर तर पेरॉक्साइड कधीच नको, ते पातळ पाण्यासारखंच असतं आणि खाली लाकूड आणि सरस आहे.

## थेंब आत गेलाच तर

कीबोर्ड असेल तर त्याच क्षणी वायर काढा, सेल काढा, पट्ट्या खाली करून दोन उशांवर टोकं टेकवून पालथा ठेवा, मध्ये हवा खेळू द्या, आणि दोन-तीन दिवस चालू करून बघू नका. थोडं चालू करून बघूया, यानेच सर्किट जातं. साधं पाणी असेल तर बहुधा निभावतं. चहा किंवा सरबत असेल तर वाळल्यावर साखर चिकटून राहते, तो उघडून साफ करावाच लागतो.

पेटी असेल तर पालथी करू नका, कारण पट्ट्या उलट्या लोंबतात आणि गाद्या जागच्या हलतात. जिथे थेंब गेला त्या फटीत टिश्यूचं टोक सोडा, ते पाणी वर ओढून घेतं, टिश्यू ओला झाला की बदला. टिश्यू कोरडा यायला लागला की झाकण उघडं, पंखा चालू, आणि दोन दिवस भाता द्यायचा नाही, पट्ट्याही दाबायच्या नाहीत.